ढोलीचं दार

फार मागे, सह्याद्रीच्या रानात बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. धनेशांची रीत अशी, की अंडी घालायला मादी ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते आणि एका फटीतून नर भरवेल त्यावर जगते. तो आलाच नाही, तर उपाशी मरते.

एका वर्षी नर ओढ्यापलीकडच्या मादीत गुंतला. बायकोला कळलं. रडून-भांडून दोघांनी एकत्रच राहायचं ठरवलं.

"संपलंय ते. आता दार लिंप ना," तो म्हणाला.

"तुझं संपलं असेल. मला कालच कळलंय," ती म्हणाली. "दार उघडंच राहील."

त्या वर्षी अंडी झाली नाहीत. त्याने पलीकडच्या मादीला बायकोसमोर कायमचा नकार दिला, दोघं भेटायची ते ओढ्याकाठचं उंबरही सोडलं. कुठे चाललो, कधी येईन, हे तो न विचारता सांगे. जरा उशीर झाला की तिचे तेच ते प्रश्न सुरू व्हायचे. आधी तो चिडायचा. पुढे दर वेळी शांतपणे खरं सांगू लागला. तिनेही टोमणे सोडले. "आज दुखतंय," एवढंच म्हणायची.

पुढच्या वसंतात तो फळं घेऊन आला, तर दार अर्धं लिंपलेलं!

"विसरलीस सगळं?" त्याने हळूच विचारलं.

"काहीही विसरले नाही," आतून ती म्हणाली. "चिखल आण. कमी पडतोय."

त्याची आरोळी साऱ्या रानाने ऐकली.