प्रश्न क्रमांक घातलेला नाही

एकदा एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत असत. वय पासष्ट, दृष्टी थोडी मंद, तांबडी पेन्सिल मात्र अद्याप तीक्ष्ण. त्यांच्या शुद्धलेखनाचा दरारा असा, की अंगणातला कावळासुद्धा 'काव' मधला काना नीट लांबवून मगच उडे. हे मी स्वतः ऐकले आहे, कावळ्याला विचारा.

या बाईंची एक गोष्ट गावाला कोड्यासारखी वाटे. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेले मानपत्र त्यांनी बैठकीच्या खोलीत टांगले होते, पण उलटे. काच भिंतीकडे, पाठीमागचा पुठ्ठा पाहुण्यांकडे. कोणी म्हणे, मानपत्रात ऱ्हस्व-दीर्घाची चूक असणार. कोणी म्हणे, वय झाले. बाई काहीच म्हणत नसत.

त्यांच्याच शाळेत शिकवणारी एक सहशिक्षिका त्यांना गुरुस्थानी मानी. ती फावल्या वेळात एका शाळेवरची कादंबरी लिहीत होती. पाच वर्षे लिहीत होती. अखेर प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवले आणि चिठ्ठीत लिहिले, "सर्व उत्तम. पण मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभापाशी कथेने वळण घ्यायला हवे, ते ती घेत नाही. बाई बोलायला उभ्या राहतात आणि कादंबरी खाली बसते. महिन्याभरात ते प्रकरण सुधारले तर छापू. नाही तर क्षमस्व."

शिष्या सगळे हस्तलिखित घेऊन बाईंकडे आली; आधीची प्रकरणे बाईंच्या नजरेखालून पूर्वीच गेली होती.

"बाई, एवढं वाचता का? भाषण नऊ पानांचं झालंय."

"नऊ?" बाई म्हणाल्या. "मग आधी चहा टाक."

बाईंनी भिंग घेतले आणि वाचू लागल्या. भाषणात शाळा ही बाग होती, बाई माळी होत्या, मुले ही फुले होती आणि फुलपाखरेही होती. पाचव्या पानावर बाईंनी डोळे मिटले. शिष्येला वाटले, हेलावल्या. पण त्यांनी पेन्सिल उचलली, भाषणाच्या पहिल्या पानावर भोपळ्याएवढे शून्य काढले आणि शेजारी लिहिले, 'प्रश्न क्रमांक घातलेला नाही.'

शिष्येचा चेहरा उतरला. "शून्य? आणि प्रश्न क्रमांक? बाई, ही कादंबरी आहे, सहामाहीचा पेपर नाही!"

"माझ्या निरोपाला तिघांनी मला माळी म्हटलं होतं, एकाने कुंभार. संस्थेचे चिटणीस तर दीपस्तंभ म्हणाले. समुद्र इथून दोनशे मैल. ते सोड. मला सांग, कार्यक्रमपत्रिकेवर या भाषणाला काय म्हणतात?"

शिष्येने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मग विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची मनोगते. मग मानपत्राचे वाचन, शाल, श्रीफळ. मग... ती थांबली.

"सत्काराला उत्तर," ती म्हणाली.

"उत्तर. मग प्रश्न कुठाय?"

शिष्येने नऊच्या नऊ पाने पुन्हा चाळून पाहिली.

"तुझ्या सभागृहात साडेतीनशे माणसं बसवली आहेस तू. त्यांतल्या एकाच्या तरी मनात या बाईसाठी काही प्रश्न आहे का? तिने तोंड उघडायच्या आधीपासून, दोन-तीन प्रकरणं साचलेला? नसेल, तर ती कितीही गोड बोलू दे, लोक घड्याळच बघणार. भाषण सगळ्यांसाठी असतं गं. उत्तर एकाच माणसासाठी असतं. बाकीचे फक्त ऐकतात. आणि कथा वळते ती बोलणारीमुळे नाही. जिला उत्तर मिळतं, ती उद्यापासून निराळं वागायला लागते, म्हणून वळते."

"पण असा प्रश्न आणू कुठून?"

"आणायचा कशाला? तूच पुरलायस तो." बाईंनी पाने मागे उलटली. चौथ्या प्रकरणात एक वाक्य होते: 'त्या वर्षी सातवीतल्या एका मुलीचे नाव पटावरून कमी झाले.' बाईंनी त्यावर पेन्सिल टेकवली. "एवढंच लिहून तू लगेच स्नेहसंमेलनाकडे पळालीस. का?"

शिष्येने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मग आता विचार."

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणीही उठले नाही. नऊ वर्षे शिष्येने एक प्रश्न अडवून धरला होता. तो आता अगदी हळू बाहेर आला.

"बाई, निर्गुणाच्या दाखल्यावर तुम्ही सही का केलीत?"

निर्गुणा म्हणजे शिष्येच्या वर्गातली मुलगी, तेरा वर्षांची. शिष्या एक दिवस प्रशिक्षणाला गेली होती. परतली तेव्हा हजेरीपटावर निर्गुणाच्या नावावर तांबडी रेघ होती. महिन्याभरात तिचे लग्न झाल्याचे कळले.

बाई सावकाश बोलू लागल्या. "तिचे वडील अकराला आले. म्हणाले, 'नाव काढून दाखला द्या, म्हणजे हिच्या वर्गाच्या बाई रोज विचारायला दारात यायच्या नाहीत.' मी कारण विचारलं. ते खाली बघून म्हणाले, 'कार्य ठरलंय.' पालकाने अर्ज केला की दाखला अडवता येत नाही, हे मी सगळ्यांना सांगत आले. ते खरंही आहे. पण त्याच दिवशी दिलाच पाहिजे, असं कुठे आहे? चार दिवस थांबवता आला असता. तिच्या मामाला बोलावता आलं असतं. पण बाराला तपासणी होती, साहेब यायचे होते, आणि मला तो माणूस कचेरीतून जायला हवा होता."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. तिथे 'लग्न' लिहिलं असतं, तर तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न मला ठाऊक होतं हे कागदावर आलं असतं. मग वर कळवावं लागलं असतं, पोलीस आले असते, तपासणी राहिली असती. म्हणून मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून.' कुठल्याही दाखल्यावर लिहितात तसं. चार मिनिटांचं काम. अक्षर सुंदर आलं होतं."

शिष्या उठली आणि उतू गेलेल्या चहाखालची शेगडी बंद करून आली.

"माझ्या निरोपाला मानपत्र तूच वाचलंस," बाई म्हणाल्या. "'आपल्या कारकिर्दीत एकाही मुलीचे शिक्षण आपण अर्धवट राहू दिले नाही.' या वाक्याच्या अलीकडे तू थांबलीस. शिपाई पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं, ठसका लागला. मला कळलं होतं. अख्ख्या समारंभात मला विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि तू तो न बोलता विचारला होतास. मी उठले, बावीस मिनिटं सर्वांचे आभार मानले आणि बसले. उत्तरपत्रिका कोरी."

"पण हे कादंबरीत घातलं तर लोक तुम्हालाच..."

"कादंबरीतल्या बाईचं नाव वेगळं आहे. आणि माझ्याबद्दल लोक काय म्हणतील याची काळजी मी एकदा घेतली होती. तिचा हिशोब निर्गुणाने चुकता केला. जा, लिही."

शिष्या गेली. पंधरा दिवस तिने किती कागद फाडले म्हणता? त्या काळात गावातल्या भेळवाल्याला कागद विकत घ्यावा लागला नाही. तिने आधी चौथे प्रकरण उकरले: दाखला, रकाना आणि तांबडी रेघ पाहणारी वर्गशिक्षिका. मग पुढच्या प्रकरणांतून ती शिक्षिका मुख्याध्यापिकेशी कामापुरतेच बोलते, एवढे फक्त दिसत ठेवले. मग निरोप समारंभ. मानपत्र वाचायला तिने त्याच शिक्षिकेला उभे केले आणि तिला त्या एका वाक्यापाशी अडखळू दिले. नऊ पानांचे सव्वा पान झाले. ते घेऊन ती पुन्हा बाईंकडे आली.

"वाचून दाखव," बाई म्हणाल्या. "भिंग सापडत नाही." भिंग त्यांच्या हातातच होते.

शिष्या वाचू लागली. कादंबरीतली मुख्याध्यापिका सत्काराला उत्तर द्यायला उठते. गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवते. म्हणते, "मानपत्रात एक चूक राहिली आहे. आपल्या शाळेत चूक खोडत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, वर बरोबर ते लिहितात आणि खाली सही-तारीख घालतात." ती पेन मागते, पण तसबिरीच्या काचेवर पेन उमटत नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी हसते. तेव्हा ती तसबीर उलटी करते आणि पाठीमागच्या पुठ्ठ्यावर उभ्या उभ्या लिहू लागते. लिहिता लिहिता मोठ्याने वाचते. "एका मुलीचे शिक्षण मी अर्धवट राहू दिले. मला कारण ठाऊक होते. मी दुसरे लिहिले." सही करते. मग सभागृहाकडे नव्हे, मानपत्र वाचणाऱ्या शिक्षिकेकडे पाहून म्हणते, "आपण विचारलंत, त्याचं हे उत्तर." आणि बसते. अध्यक्षांना समारोप सुचत नाही. चहा निवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या शिक्षिकेकडे मुख्याध्यापिकेचा पदभार येतो. पहिल्याच आठवड्यात एक बाप दाखला मागतो. म्हणतो, "लिहा की, पालकांच्या विनंतीवरून." ती टोपण लावून पेन बाजूला ठेवते. "खरं कारण सांगा. तेच लिहीन. तोवर बसा."

वाचन संपले. बाईंनी तांबडी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिले, 'प्र. १.' आणखी काही लिहिले नाही.

"गुण?" शिष्येने भीत भीत विचारले.

"ते मी नाही द्यायचे."

बाई उठल्या. भिंतीवरचे मानपत्र खाली काढून पुठ्ठा वर करून मांडीवर घेतले. पुठ्ठा कोराच होता. सात वर्षे तो उत्तरासाठी कोरा ठेवून पाहुण्यांकडे तोंड करून टांगला होता, हे शिष्येच्या आत्ता लक्षात आले. बाईंनी शिष्येचा पेन मागून घेतला आणि आत्ताच ऐकलेल्या ओळी आपल्या वळणदार अक्षरात त्यावर उतरवल्या. रकाना नव्हता, तरी डावीकडे समास सोडला. सही केली, आजची तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"निर्गुणा कुठे दिली होती गं?"

शिष्येने गाव सांगितले. "एक मुलगा आहे तिला. आठवीच्या वर्गात."

हे ऐकून बाईंचे डोळे भरले की काय, हे मी सांगणार नाही. अतिशयोक्तीची मला सवय आहे, आणि इथे तिचे काम नाही. बाईंनी एवढेच म्हटले, "आठवीत नाही. हिशोब कर. फार तर दुसरीत."

"दुसरीत," शिष्या डोळे पुसत म्हणाली. "चुकलं, बाई."

"रेघ मार, वर बरोबर लिही." बाईंनी तसबीर पिशवीत घातली. "आणि उद्या तिकडची पहिली एसटी किती वाजता, ते विचारून ये."

सत्कार अनेकांच्या वाट्याला येतात. ज्याला आपला प्रश्न आठवतो, त्यालाच उत्तर देता येते.