सगुणा राक्षसांच्या घरी जाते

एकदा काय झालं, समुद्राकाठी सगुणा नावाची मुलगी होती. मिठागरात राबायची. तिथं मीठ न्यायला दगडू यायचा. दोघांचं जमलं, बरं का. पण दगडूला वाढवलं होतं डोंगराएवढ्या राक्षस-राक्षसिणीनं. तो म्हणाला, "दोघं आता थकलेत. त्यांना तू पसंत पडली नाहीस, तर त्यांना सोडून मी लग्न करणार नाही."

मग सगुणानं विचारलं, "त्यांना आवडतं काय? हाक काय मारू?"

"आईला कोकमं आवडतात. हाक मार काका-काकू."

मग काय, कोकमांची पुरचुंडी घेऊन सगुणा निघाली. एक डोंगर चढली, दुसरा चढली, तिसरा चढली. पाय नुसते भरून आले. दारात पोचली, तर दगडू वाट बघत उभा. तिनं चपला बाहेर काढल्या, पाय धुतले. वाकून नमस्कार केला आणि पुरचुंडी काकूंच्या हाती दिली.

राक्षसिणीनं पुरचुंडी चुलीपाशी ठेवली. तिनं गाडीच्या चाकाएवढी भाकरी वाढली, वर लालभडक ठेचा. सगुणानं बोटाला लावून चाखला. डोळ्यांत पाणीच!

"काकू, एवढं तिखट मला सोसत नाही हो. पण भाकरी किती मऊ झालीय! मला चतकोरच द्या, म्हणजे टाकायला नको."

मग राक्षसानं विचारलं, "तुला येतं काय?" आवाजानं मडक्यांची उतरंड हलली.

"मीठ पिकवता येतं, काका. स्वयंपाक बेताचाच."

दगडू छताकडं बघायला लागला. सगुणानंच विचारलं, "काका, एवढी मोठी चूल कुणी बांधली?"

झालं! राक्षस सांगायला लागला. कसे दगड आणले, कसा रेडा वाटेत बसला... आणि ऐकता ऐकता सगुणाला आली भली मोठी जांभई. राक्षसाचं तोंड मिटलं. दगडूचा चेहरा पडला.

सगुणा लाजली, पण लपवलं नाही तिनं. "माफ करा, काका. चालून दमलेय हो. गोष्टीला कंटाळले नाही. तो रेडा मग उठला का?"

राक्षस बघतच राहिला. "ऐकत होतीस की गं! हे आजवर कुणी विचारलंच नाही." आणि पुढं सांगत बसला.

मग सगुणानं ताटं उचलली. काकू "राहू दे" म्हणाल्या, तेव्हा हट्ट केला नाही. ऊन कलताच म्हणाली, "येते मी. छान वाटलं तुमच्याकडं."

तेव्हा राक्षसीण राक्षसाला म्हणाली, "अहो, पोर किती दमलीय! चालत कुठं धाडता? आणि पोरी, पुढच्या वेळी ठेचा बेतानं करीन हं."

मग राक्षसानं तिला खांद्यावर घेतलं. पहिल्या वळणाआधीच ती गाढ झोपली. तोही हळूहळू चालला, धक्का लागू नये म्हणून.

पुढं लग्न झालं, सगळी सुखानं नांदली. चला, मीही दमले आता. मिटा डोळे.