चार ओळींची चिठ्ठी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा वाटांना नावं नव्हती, माणसं वळणावरच्या झाडावरून वाट सांगत. अशाच एका गावात भिवा नावाचा तरुण बुरूड राहत होता. त्याची टोपली अशी घट्ट की तिच्यातून राळ्याचा बारीक दाणाही गळू नये. पण बोलायची वेळ आली की गड्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

गावाच्या दुसऱ्या टोकाला कुंभाराची चांगुणा होती. बाप थकला होता, म्हणून चाक आणि भट्टी तीच सांभाळायची. भिवाला ती फार आवडायची. वर्षभर तो तिच्या अंगणावरून जात होता आणि वर्षभरात त्यांचं बोलणं झालं ते एवढंच : "बरं आहे ना?" "बरं आहे."

शेवटी त्यानं ठरवलं, बोलता येत नाही तर लिहावं. लहानपणी दोघंही पंतोजींच्या ओसरीवर अक्षरं गिरवायला बसत, त्यामुळे तिला वाचता येतं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बोरू तासला, शाई घोटली आणि सबंध कागद भरून काढला. मग तो घेऊन पंतोजींकडे गेला.

"गुरुजी, एवढं तपासून द्या. आणि तुमच्या वळणदार अक्षरात उतरवून दिलंत तर..."

म्हाताऱ्या पंतोजींनी कागद डोळ्यांजवळ धरला. "चंद्रमुखी, कमलनयना... ही कोण रे बाबा? आपल्या गावात तर दिसत नाही."

भिवाचे कान लाल झाले. "चांगुणा, गुरुजी."

"अस्सं! मग एकेक ओळ घे आणि स्वतःला विचार, ही शेजारच्या गावातल्या पोरीला दिली तर चालेल का? चालत असेल तर खोड."

भिवा खोडत गेला. चंद्र गेला, कमळ गेलं, हंसाची चालही गेली. खाली एकच ओळ उरली : 'तुझ्यावाचून मी मरेन.'

"हीसुद्धा खोड," पंतोजी म्हणाले. "जी पोर तुझ्याशी धड दोन शब्द बोललेली नाही, तिच्या गळ्यात तुझा जीव कशाला अडकवतोस? वाचताना तिला हसू यावं, ओझं वाटू नये."

"मग उरलं काय, गुरुजी?"

"ते तू सांग. तिच्याकडे बघतोस तेव्हा नेमकं काय बघतोस?"

भिवा म्हणाला, "मडकं भट्टीतून निघालं की ती त्याच्यावर टिचकी मारते. कान लावून ऐकते. खणखणीत वाजलं की हसते. स्वतःशीच."

"हेच लिही. तुझ्याच हातानं लिही. अक्षर वेडंवाकडं असू दे, ते तुझं आहे. चिठ्ठी तिच्या हातात दे, पण चारचौघांत नको. आणि देऊन तिथं उभा राहू नकोस. वाचणाऱ्याला एकांत लागतो."

भिवानं तळहाताएवढा कागद घेतला आणि लिहिलं :

मडक्यावर टिचकी मारतेस, कान लावून ऐकतेस,
खणखणीत निघालं की गालात हसतेस.
टोपल्या घेऊन रोज मी या वाटेनं जातो,
ते हसू दिसावं म्हणून पाय हळू टाकतो.

खाली जोडलं : 'उत्तर द्यायलाच हवं असं नाही. नाही आवडलं तर भट्टीत टाक, मी राग धरणार नाही. – भिवा.' 'राग' लिहिताना त्याची एक मात्रा जास्त पडली, ती त्यानं खोडली. शाई वाळल्यावर कागदाची दोनदा घडी केली.

दुपारी चांगुणा एकटीच भट्टीतली मडकी काढत होती. भिवानं चिठ्ठी पुढे केली. "सवडीनं वाच," एवढं बोलला आणि चालू पडला.

एक दिवस गेला. दोन गेले. त्यानं त्या वाटेनं जाणंच टाळलं, तिला अवघड वाटू नये म्हणून. बांबू तासताना बोट कापलं, टोपलीचा काठ दोनदा चुकला, पण तो विचारायला गेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी चांगुणाच त्याच्या दारात आली. भट्टीतल्या राखेनं हात भरलेले. एक चिठ्ठी त्याच्या टोपल्यांवर ठेवली आणि आली तशी झपाझप निघून गेली. कागदावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. भिवानं वाचलं :

'तू हळू चालतोस हे मला दिसायचं. मला वाटायचं, तुझा पाय दुखतो. दुखत नसेल तर उद्यापासून थांबत जा.'

भिवा मोठ्यानं हसला. कित्येक वर्षांत तसा हसला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो थांबू लागला आणि थांबता थांबता बोलूही लागला. सुगी सरल्यावर दोन्ही घरांनी मिळून एकच मांडव घातला.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे त्याला डोळे भरून पाहावं, मग सांगायला चार ओळीही पुरतात.