करंजाच्या रोपासमोरचं भाषण

"शेवट कसा करू, महाराज? टाळ्या पडतील असा सांगा."

नगरसेवक प्रल्हाद भोईटे भाषणाचे कागद घेऊन मठात आले होते. तासाभराने समोरच्या मैदानात वृक्षारोपणाचं उद्घाटन. प्रल्हादरावांच्या हाती माइक आला की तो काढून घ्यावा लागे, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाजूची मातकट काळी पिशवी उचलून शंकरगिरी महाराजांनी त्या कागदांवर ठेवली. आत मातीचा घट्ट गोळा, त्याभोवती वेटोळी घातलेली सुकी मुळं.

"हे काय?"

"गेल्या वर्षी तू लावलेलं रोप. आज खड्डा खणताना निघालं."

प्रल्हादरावांना गेल्या वर्षीचा तो दिवस आठवला. फोटोवाला घाई करत होता, पिशवी फाडायची राहून गेली होती. त्याच भाषणात त्यांनी वॉर्ड हिरवागार करायचा शब्द दिला होता...

"लोक यंदा माझं का ऐकतील, महाराज?"

"ते मला काय विचारतोस? रोपाला काय हवंय ते बघ."

कागद मठातच राहिले.

मैदानात प्रल्हादराव माइकसमोर उभे राहिले.

"गेल्या वर्षी मी इथं रोप पिशवीसकट पुरलं. ते मेलं. तरी तुम्ही मला परत बोलावलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ज्यांनी हे खड्डे खणून शेणखत घातलं, त्यांचेही आभार. हजार झाडांचं मी बोलत नाही. या कोपऱ्यातलं करंज माझं. पाऊस थांबला की पुढच्या पावसापर्यंत दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी त्याला दोन बादल्या पाणी मी स्वतः घालीन. बस्स."

भाषण संपलं हे लोकांना कळायलाच वेळ लागला.

फोटोवाल्याने सजवलेली झारी पुढे केली. "साहेब, नुसती धरा, इकडे बघा."

"थांब जरा."

प्रल्हादरावांनी ब्लेडने नव्या रोपाची पिशवी कापली. मुळांचा गोळा फुटू न देता रोप खड्ड्यात सरळ बसवलं, माती लोटून तळव्यांनी दाबली, भोवती आळं केलं. बांबू रोवून रोप सैल बांधलं आणि मग झारी रिकामी केली. सदरा चिखलाने भरला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या यमुनाबाई म्हणाल्या, "आता कसं लावल्यासारखं वाटतंय बघ, बाळा."

प्रल्हादरावांचे डोळे भरून आले. तसेच ते मठात गेले आणि महाराजांच्या पायांशी वाकले.

"तुमचे आभार कसे मानू, महाराज? आज तुम्ही माझी लाज राखलीत."

महाराजांनी पाय मागे घेतले.

"वैशाखात मान."