गाण्यात कापलेले दिवस

घाटाखालच्या एका गावात एक भित्री मुलगी राहायची. तिला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा धीर यावा म्हणून तिने सुट्टीभर एकाच जातीचे सिनेमे पाहिले. घर सोडून शिकायला निघालेल्या मुलामुलींचे. त्यांचा साचा तिला पाठ झाला. आई डबा देते, गाडी सुटते, होस्टेलवर रडू येतं, मग कुणाला तरी धडकून वह्या पडतात आणि त्या उचलून देणारी जिवलग मैत्रीण होते. पुढे एक गाणं. ते संपेपर्यंत भीती पार पळालेली असते.

कॉलेज सुरू झालं आणि या शहाणीने जिन्यात मुद्दाम वह्या पाडल्या. लोक बाजूने निघून गेले. एकच मुलगी थांबली आणि म्हणाली, "अगं, उचल ना लवकर, लेक्चरला उशीर होतोय!" बिचारी लाजेने अर्धी झाली.

तिची रूम पार्टनर सतत पुस्तकात डोकं घालून बसायची. "दिवा घालवू का?" याहून जास्त बोलणं दोघींत नव्हतं. पंधरवड्यातच मुलीने बॅग भरली आणि शहरातल्या आत्याचं घर गाठलं. आत्या सिनेमांचं एडिटिंग करायची.

"आत्या, मला घरी पोचव. कॉलेज नको. सिनेमात सगळ्या रुळतात, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

समजूत घालायचा आत्याला भारी कंटाळा. तिने पोरीच्या आवडीचा सिनेमा लावला, गाण्यापाशी आणला आणि आवाज बंद केला. "आता नुसते हिरोइनचे कपडे बघ."

मुलगी बघू लागली. आधी सुती ड्रेस, मग स्वेटर, मग पुन्हा सुती. केस खांद्याखाली आलेले. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळून नवी पालवी फुटलेली.

"अगं, हे तर वर्ष गेलं!"

"गेलंच. एकटीने जेवलेले दिवस, न समजलेली लेक्चरं, सगळं आम्ही कापतो. नाहीतर लोक उठून जातील. वरून एक गाणं सलग सोडलं की सांधे कळत नाहीत."

"पण मैत्री कुठे होते यात?"

आत्याने सिनेमा मागे नेला. दोन मुली मेसमध्ये शेजारी बसून जेवत होत्या. एकीने दुसरीकडे लोणचं सरकवलं, एवढंच.

"यात काही घडतच नाही," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर डोळ्याची पापणी लवेपर्यंतच ठेवलंय. आता बोल, गाडीत बसवू?"

मुलगी बॅग उचलून होस्टेलवर परतली. तिने रूम पार्टनरला विचारलं, "जेवायला येतेस?"

"थांब, चप्पल घालते."

वांग्याची भाजी दोघींनाही आवडली नाही. दोघींनी तसं एकमेकींना सांगितलं.

त्यानंतरही ती पुष्कळदा रडली, एका परीक्षेत आपटलीही. पुढे गावातल्या मुली विचारायच्या, "ताई, भीती गेली कधी?" तिला तो दिवस काही केल्या आठवत नसे.

तात्पर्य काय, तर पडद्यावर जे दिवस कापून टाकतात, तेच आपल्याला जगावे लागतात. आणि परकी जागा आपली होते, ती त्याच दिवसांत.