मोठ्या आवाजाचं भाषण

एका डोंगराआडच्या गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत फार मोठ्या आवाजाचे एक मुख्याध्यापक होते. दहावीच्या निरोप समारंभातल्या त्यांच्या भाषणाची पंचक्रोशीत ख्याती होती. पालक डोळे पुसायचे, पाहुणे टाळ्या वाजवायचे. मुलांचं काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. भाषण मुलांसाठी होतं ना, मग मुलांना कोण विचारणार?

त्या वर्षी सरांनी पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशीच भाषणाची रंगीत तालीम घेतली.

"एकेक मार्क म्हणजे तुमचं आयुष्य," ते गरजले. "आईबाप पोटाला चिमटा काढून शिकवतायत. त्यांची मान खाली घालायला लावू नका. चुकीला माफी नाही." मग शाळेच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने उभं राहून आपण किती टक्के मिळवणार ते मोठ्याने सांगायचं होतं. कुंदा नावाची मुलगी गणितात हुशार होती. तिने पंच्याऐंशी म्हटलं, तर सर म्हणाले, "एवढंच?" तिने नव्वद म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरात कुंदाने पहिल्या प्रश्नापासून पुढे काहीच लिहिलं नाही. पेपर कोरा.

गणिताच्या बाईंनी तिला जवळ बसवलं. "काय झालं गं?"

"पहिलं गणित अडलं, बाई. मग सरांचा आवाज कानात घुमायला लागला. पुढचं दिसेचना." ती खाली बघत म्हणाली, "मी बोर्डाला बसत नाही."

ही गोष्ट सरांच्या कानावर गेली. ते म्हणाले, "मुलं कच्च्या मनाची झालीत. समारंभात अजून कडक बोलावं लागेल."

बाई संतापल्या. पण ओरडल्या नाहीत. त्या सरांना वर्गात घेऊन गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "सरांचं भाषण कुणाला आठवतं?"

सगळ्यांना आठवत होतं. मान खाली, पोटाला चिमटा, चुकीला माफी नाही, शब्द न् शब्द पाठ. सर खुलले.

"आता सांगा, पहिलंच गणित अडलं तर काय करायचं?"

मुलं सरांकडे बघायला लागली. सर उत्तर सुचवायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हे आपण कधी सांगितलेलंच नाही.

त्या संध्याकाळी दोघं भाषण नव्याने लिहायला बसले. सरांनी आधी लिहिलं, "घाबरू नका, पेपर सोपाच असतो, तुम्हाला नव्वद पडणारच."

"हेही खोडा," बाई म्हणाल्या. "पेपर अवघड निघाला तर तुम्ही खोटे ठराल. नव्वदचं आश्वासन म्हणजे तेच ओझं, फक्त गोड बोलून दिलेलं. आणि घाबरू नका म्हटलं, की आपल्याला भीती वाटतेय याचीच पोराला जास्त भीती वाटते."

"मग बोलायचं तरी काय?"

"प्रत्येक वाक्याला विचारा, हे ऐकून मुलाने पेपरात काय करायचं? उत्तर नसेल तर वाक्य जाऊ द्या."

अर्धं भाषण खोडलं गेलं. टक्के सांगायचा रिवाजही गेला. पालकांना मात्र एक गोष्ट सांगायची ठरलं, की पेपर सुटल्यावर आधी कसा गेला ते विचारू नका, भूक लागली का ते विचारा.

समारंभाला सर हळू आवाजात बोलले. मागच्या रांगेतले पाहुणे कुरकुरले, पण सर मुलांकडेच बघत होते.

"छाती धडधडेल. माझीही धडधडतेय आत्ता. त्याने अभ्यास पुसला जात नाही. पेन खाली ठेवा, श्वास सावकाश बाहेर सोडा. अडलेल्या गणिताला जागा सोडा आणि येतं ते आधी सोडवा. मग मागे या. उत्तर आलं नाही तरी सूत्र आणि जमतील तेवढ्या पायऱ्या लिहा, त्यांचेही मार्क असतात. एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा आहे. तेव्हाही ही शाळा तुमचीच असेल. झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर बाईंकडे किंवा माझ्याकडे या."

टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. एक पाहुणे म्हणाले, "यंदा मजा नाही आली." मुलांच्या जिवावर मजा हवी होती त्यांना.

दुसऱ्या दिवशी कुंदा बाईंकडे हॉल तिकीट मागायला आली.

बोर्डाच्या गणिताच्या पेपराला सर फाटकाबाहेर उभे होते. कुंदा बाहेर आली. कसा गेला, हे अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"भूक लागली का गं?"

"हो, सर." ती थोडं चालली आणि थांबली. "पहिलं गणित अडलं होतं."

सरांनी विचारलं, "मग?"

"जागा सोडली. बाकीचं सोडवलं आणि मागे आले. तरी ते पूर्ण सुटलं नाही. पायऱ्या लिहिल्यात."

एवढं बोलून ती डबा उघडून पायरीवर बसली आणि जेवायला लागली.

तात्पर्य एवढंच: आपल्या भाषणाला टाळ्या हव्यात म्हणून मुलांना भीती घालू नये, अडल्यावर काय करायचं ते त्यांना शांतपणे सांगावं.