पाठोबाचा उजवा हात

देवळात पाऊल टाकताच तुम्ही थबकलात, ते मी पाहिले. सगळेच थबकतात. देव दर्शन द्यायला बसतो, आणि आमचा हा देव तुमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला आहे. कुणी विचारतात, रुसलाय का? कुणी म्हणतात, बसवणाऱ्याने चुकून उलटा बसवला. एका बाईंनी तर कडेने तोंड बघता येते का म्हणून वाकून पाहिले आणि खांबाला डोके आपटून घेतले. देवाचे मूळ नाव वेळोबा, म्हणजे समुद्राच्या वेळेवरचा, किनाऱ्यावरचा राखणदार. पण आता पंचक्रोशीत त्याला पाठोबा म्हणतात, आणि तोही रागावत नाही.

त्याच्यापुढे भिंतीत जो झरोका आहे त्यातून समुद्र दिसतो. डाव्या भिंतीत काजळीने काळाभोर झालेला रिकामा कोनाडा आहे. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी कौल म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी कथा त्यावरच उभी आहे. देवाला काही विचारायचे तर पाषाणाला आंघोळ घालतात. पिटकुळी या लाल फुलांच्या झुडपाच्या एकाच घोसातले सारख्या मापाचे दोन कळे, म्हणजे न उमललेल्या कळ्या घेतात, पाण्यात बुडवतात आणि देवाच्या दोन खांद्यांवर ठरलेल्या जागी एकेक चिकटवतात. मग गुरव गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाण्यात प्रश्न एकच, आणि कोणत्या बाजूला काय अर्थ ते आधीच मोठ्याने सांगायचे. दार लोटून घ्यायचे, वारा नको. मग गप्प बसायचे. पाणी सुकत जाते, कळ्याची पकड सुटते, एक कळा आधी पडतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. दोन्ही एकदम पडले तर प्रश्न बाजूला ठेवायचा. पाल धावली आणि कळा पडला तर तो धरायचा नाही. आणि एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही.

मागे एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, चीनमध्ये एका रानझाडाच्या पन्नास काड्या घेतात. एक बाजूला ठेवतात. उरलेल्यांचे न मोजता दोन ढीग करतात, चार चार करून मोजतात, उरतात त्या काढतात. असे तीनदा केले की एक रेघ मिळते, आणि सहा रेघांची आकृती खालून वर वाचतात. उत्तरेकडच्या थंड मुलखात म्हणे फळझाडाची फांदी कापून तिच्या तुकड्यांवर खुणा करत, पांढऱ्या कापडावर उधळत आणि आकाशाकडे बघत एकेक करून तीन उचलत. मला ते पटले. सगळीकडे माणूस एकच करतो, आपला हात मधून काढून घेतो आणि उत्तर दुसऱ्या कुणाकडून येऊ देतो. पण वाचायचे मात्र आपल्यालाच असते. सहा रेघा वरून खाली वाचल्या तर काय करायचे? आमच्याकडे तेच झाले, असे सांगतात.

तेव्हा देव तुमच्यासारख्यांकडे तोंड करून बसलेला होता. गावात रुमाजी नावाचा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा नाखवा होता आणि सगुणा ही त्याची बायको. लग्नाला चार वर्षे झालेली, मूलबाळ नव्हते, पण दोघांचे इतके गूळपीठ की आयाबाया पाणवठ्यावर तिची थट्टा करून दमत. रुमाजी मचवा घेऊन मलबारला काथ्या आणायला जाई. गावच्या खाडीच्या तोंडाशी एक बुडते खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक आहे, भरतीत दिसत नाही. म्हणून ज्या घरचा माणूस दर्यावर असेल त्या घरच्या बाईने तिन्हीसांजेला समोरच्या कड्यावर टेंभा पेटवायचा, अशी रीत होती. टेंभ्याच्या अंगाने आले की खडप चुकते.

त्या वर्षी फाल्गुनात निघताना रुमाजी तिला म्हणाला, "टेंभो दिसलो काय माका कळतला, माझा घर जाग्यार आसा. नाय दिसलो तर मी भायरच रवतलंय."

"दिसतलो," सगुणा म्हणाली. "तू फक्त ये."

वैशाखात परतायचा तो आला नाही. पावसाळा लागला. दर्या बंद झाल्यावर कुणी कुठल्या बंदरात अडकतो, त्यात नवल नाही, म्हणून कुणी फार बोलले नाही. सगुणा इरले पांघरून कड्यावर जाई आणि पावसात टेंभा विझू नये म्हणून त्याच्याशी झटे. नारळी पौर्णिमा झाली, दर्या मोकळा झाला, इतर गावचे अडकलेले मचवे एकेक करून आले. रुमाजीचा आला नाही. त्याच्या जोडीचे दोन खलाशी पलीकडच्या गावचे होते. त्यांची माणसे त्यांच्या देवाला विचारत होती. मग इथेही मानकऱ्यांनी ठरवले, देवाला विचारून टाकू, पोरीला असे किती दिवस टांगून ठेवायचे?

गावचा म्हातारा गुरव बाबल तापाने आजारी होऊन लेकीकडे पडला होता. त्याच्या जागी त्याचा भाचा जैतू देवाचे करायला आला होता. जैतू चांगला माणूस होता, मन लावून काम करणारा. पण तो वाढला आपल्या वडिलांच्या गावी, आणि तिथला देव म्हणजे जमिनीत पुरलेली गोल शिळा. शिळेला ना तोंड ना हात. तिथे उजवे म्हणजे कौल लावणाऱ्याचे उजवे. इथल्या मूर्तीला मात्र तोंड होते, हात होते, आणि समोरासमोर बसलेल्याचा उजवा आपल्या डाव्या हाताशी येतो. ही साधी गोष्ट जैतूच्या मनात आली नाही. गावकऱ्यांनाही त्याला सांगावेसे वाटले नाही, कारण त्यांच्या मते उजवा म्हणजे उजवा, त्यात सांगायचे काय!

भाद्रपदात कौल लागला. जैतूने कळे चिकटवले आणि हात जोडले. "बा देवा वेळोबा म्हाराजा! रुमाजी दर्यार जितो आसात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

सगुणा खांबाशी बसली होती. देवळात तेव्हा एकच दिवा असे, त्या काळ्या कोनाड्यातला. तिची नजर दिव्याच्या उजेडातल्या कळ्यावर खिळली होती, दुसरा अंधारात होता. दिव्याकडचा कळा किंचित हलला, घसरला आणि पडला. दिवा जैतूच्या डाव्या हाताला होता. जैतू खाली मान घालून म्हणाला, "डावो."

तिच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसले, बाराव्याचे जेवण झाले. टेंभा बंद झाला. मेलेल्या माणसाला कोण वाट दाखवतो? तिन्हीसांज झाली की तिचे पाय आपसूक कड्याकडे वळत, आणि सासू तिला दारातून हाक मारून परत आणी. ती रडत नसे, म्हणे. सासूला म्हणे, त्याची आठवण येते तेव्हा हात कामाला लागतो आणि काम काय ते आठवत नाही.

कार्तिकात बाबल बरा होऊन परतला. काठी टेकत देवळात आला, तर सगुणा अंगण झाडत होती. तिचे मोकळे कपाळ बघून म्हाताऱ्याने तिला जवळ बोलावले. त्याने सगळे विचारून घेतले, कौल कसा लावला, कोणते कळे, गाऱ्हाणे काय घातले. शेवटी म्हणाला, "खंयचो कळो पडलो, चेडवा?"

"दिव्याकडचो, बाबलकाका."

"दिव्याकडचो? नीट आठव."

"दुसरो माका दिसतच नव्हतो."

बाबलने देवाकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले. "बाय माझे," तो म्हणाला, "दिवो देवाच्या उजव्या हाताक आसा."

सगुणा केरसुणी टाकून तशीच कड्यावर पळाली. त्या सांजेला तिने टेंभा पेटवला. गाव गोळा झाले. जैतू तिच्या पायांवर पडला. तिने त्याला उठवले. तिने पुन्हा बांगड्या भरल्या आणि कुणाची जीभ उचलली नाही. आता नुसती वाट बघायची होती, आणि ते तिला येत होते.

पण आठ दिवसांनी शेजारगावचे रापणकार, किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे कोळी, जत्रेला आले. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले, आश्विनात एका सांजेला एक मचवा खाडीच्या तोंडाशी आला होता. शीड ठिगळाचे. खडपाच्या बाहेर नांगर टाकून तो कड्याकडे बघत उभा राहिला. काळोख पडेपर्यंत उभा होता. सकाळी पाहिले तर नव्हता.

कुणाचा मचवा? ठिगळे सगळ्यांच्याच शिडांना असतात. वारा नसेल म्हणून थांबला असेल, भरती बघून गेला असेल. मानकरी म्हणाले, "इचारूया देवाक. तो रुमाजीचोच होतो काय, ता तरी कळांदे."

सगुणा म्हणाली, "नाय. ह्या मी इचारूक देवचंय नाय. उजवो पडलो तर मी कशी जगतलंय? आणि डावो पडलो तर वाट तरी खंयची बघू?"

रुमाजी जिवंत आहे का, हेही तिने पुन्हा विचारू दिले नाही. देवाने एकदा होय म्हटले होते, ते तिला पुरे होते. तिने एकच कौल मागितला, आणि तो स्वतः गाऱ्हाणे घालून. "देवा, तुझो उजवो आणि आमचो उजवो एक होऊंदे. तू फिरतलंस तर तुझो उजवो दी. तुझो, माझो न्हय." बाबलने कळे लावले. दार लोटले. दिव्याकडचा कळा पडला.

दुसऱ्या दिवशी पाच माणसांनी पाषाण फिरवला. देवाची पाठ गावाकडे झाली, आणि त्याचा उजवा हात आपल्या उजव्या हाताशी आला. आता चुकायला जागाच राहिली नाही. त्याचे तोंड भिंतीकडे आले म्हणून सगुणाने जैतूला भिंत फोडून झरोका करायला लावला. म्हणाली, मी एकटी बघते ती वाट त्यालाही बघू दे. कोनाड्यातला दिवा उचलून तिने झरोक्यात ठेवला, म्हणजे कड्यावर जाण्याइतके पाय चालले नाहीत तरी उजेड दर्यापर्यंत जाईल. पुढे तिचे पाय खरेच थकले. ती म्हातारी होऊन याच खांबाशी टेकून गेली, असे सांगतात. तिच्या हातात बांगड्या होत्या.

रुमाजी आला नाही.

आजही गावात कौल लागतो. लग्नाचा, विहिरीचा, नव्या होडीचा. गुरव कळे लावण्याआधी सगळ्यांना आपापला उजवा हात वर करायला लावतो, आणि पाहुण्यांचीही सुटका नाही, मघाशी कौलाच्या वेळी तुम्हालाही करायला लावला तो त्यामुळेच. आजही तिन्हीसांजेला त्या झरोक्यात दिवा लागतो. हल्ली सगळ्या होड्यांना इंजिने आहेत, खडपावर सरकारी बत्ती आहे, दिव्याची कुणाला गरज नाही. घरचा माणूस दर्यावर गेला की बाया इथे येऊन वात लावतात, तो परतायचा आहे की नाही हे मात्र विचारत नाहीत. या देवाला काहीही विचारता येते. दिवा लावायचा की नाही, एवढे विचारायचे नाही.